जागरणाची वही

अकोल्याच्या जठारपेठेत संध्याकाळी सव्वापाचला कोणाच्याही घरी जा, चहा मिळतो. भाऊंच्या घरी गेलात तर दारात ओठांवर बोट ठेवलेल्या वहिनी भेटतात. मे महिना, बाहेर ४५ अंश, आणि आतल्या खोलीतला कूलर बंद! कारण मेलबर्नचा सहकारी एकदा हसत म्हणाला होता, "तुमच्या मागे विमान उभं आहे का?" तेव्हापासून गुरुवारी साडेपाच ते साडेसहा भाऊ घामाच्या धारेत बसतात. आम्ही बाहेरच्या खोलीत विंझण्याने वारा घेत त्यांच्या विनम्र इंग्रजीची कुजबुज ऐकत असतो.

घरून काम करणाऱ्यांची ही जात २०२० साली पुण्याहून परत आली. लॅपटॉप घेऊन दोन महिन्यांसाठी घरी आले आणि राहूनच गेले. आता दर दोन गल्ल्यांत एक तरी असा सापडतो, ज्याच्या भिंतीवर चार घड्याळं आहेत आणि ज्याला "वाजले किती?" विचारलं की "कुठले?" असं उत्तर येतं. पण बाकीचे मीटिंग ठेवतात, आमचे भाऊ मीटिंगला आग्रह करतात. वऱ्हाडी पंगतीत जशी कढी वाढताना "घ्या ना बाप्पा, इतकीच?" अशी अवस्था असते, तशी त्यांच्या मेलची असते. तुमची वेळ मोडत नाही ना? मुलांना शाळेत सोडायचं असेल तर सांगा. मी कधीही बसू शकतो.

"मी कधीही बसू शकतो" हे वाक्य त्यांनी स्वतःपुरतं लिहिलं. ते अमलात मात्र आलं वहिनींच्या स्वयंपाकघरात.

भाऊंच्या कामाचे चार कोपरे आहेत: अकोला, डब्लिन, शिकागो आणि मेलबर्न. उन्हाळ्यात गणित कसंबसं जुळतं. अकोल्यात संध्याकाळचे साडेपाच म्हणजे डब्लिनला दुपारचा एक, शिकागोला सकाळचे सात, मेलबर्नला रात्रीचे दहा. कोणालाच सुख नाही, पण कोणाची झोपमोडही नाही. डब्लिनवाल्याची वेळ काढायला भाऊ वडिलांचं एचएमटीचं घड्याळ मनगटावरून काढून उलटं धरतात. साडेपाच वाजलेले असताना मोठा काटा बारावर येतो, छोटा अकरा आणि बाराच्या मध्ये. "म्हणजे बारा," भाऊ म्हणतात, "छोटा काटा जरा लबाडी करतो, त्याच्याकडे बघायचं नाही." ही युक्ती हिवाळ्यातच चालते. मार्चअखेरीस डब्लिनचं घड्याळ एक तास पुढे गेलं की त्यात तास मिळवावा लागतो. मग घड्याळ उलटं कशाला करायचं, हे विचारणारा मी एकटाच.

बरं, हे उलटं घड्याळही आपल्या साडेपाच तासांच्या फरकावर चालतं. तो मोजतात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून, आणि अकोला त्या रेषेच्या साडेपाच अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आमचा सूर्य घड्याळाच्या बावीस मिनिटं मागे चालतो. आमच्याकडे लग्नं वेळेवर का लागत नाहीत, याचं शास्त्रीय कारण मला भाऊंनीच पुरवलं.

त्यांचा पहिला मोठा घोटाळा मात्र अंशांचा नव्हता, तीन अक्षरांचा होता. जुलैत त्यांनी डब्लिनच्या एकट्याशी बोलायचं ठरवलं आणि मेलमध्ये लिहिलं, `3 PM IST`. आपल्याला त्यात इंडियन स्टँडर्ड टाइम दिसतो. आयर्लंडला आयरिश स्टँडर्ड टाइम दिसतो, तोही उन्हाळ्यातच. दुपारी तीनला भाऊ इथे इस्त्रीचा शर्ट घालून बसले, वीस मिनिटं वाट पाहिली, "माणूस अडचणीत असेल" म्हणून काळजीचा मेल पाठवला आणि उठले. डब्लिनवाला त्याच्या तीनला आला, म्हणजे आमच्या साडेसातला. भाऊ तेव्हा बनियनवर, ताटात पाटवडीचा रस्सा. कॅमेरा बंद ठेवून, पहिला घास गिळून त्यांनीच माफी मागितली. चूक कोणाची होती, हे त्या दोघांनी अर्धा तास एकमेकांकडून ओढून घेतलं.

तेव्हापासून ते अक्षरं लिहीत नाहीत. शहराचं नाव, तिथली वेळ, वार आणि तारीख, चौघांचीही. रात्रीचे बाराही लिहीत नाहीत, कारण "शुक्रवारी रात्री बारा" म्हणजे शुक्रवार सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर एक माणूस चोवीस तास आधी येऊन बसला होता. आता ते पावणेबारा नाहीतर सव्वाबारा लिहितात. शुक्रवारी संध्याकाळीही काही ठेवत नाहीत. आपल्याकडे शुक्रवारचे आठ वाजतात तेव्हा मेलबर्नला शनिवार लागलेला असतो, आणि दुसऱ्याच्या शनिवारात पाय ठेवणं त्यांना चपलांसह देवघरात गेल्यासारखं वाटतं.

पर्याय किती द्यावेत, याचंही त्यांचं शास्त्र आहे. आधी ते "तुम्हाला जमेल तेव्हा" असं लिहायचे. त्यावर तिघांचं उत्तर यायचं, "तुम्हाला जमेल तेव्हा." असं चार दिवस चालायचं. मग त्यांनी एकदम नऊ वेळा दिल्या, तर तिघांनी तीन वेगळ्या निवडल्या. आता तीन देतात. तिन्हींत कोणी ना कोणी अवघडतो, आणि कोण ते त्यांनी कंसात स्पष्ट लिहिलेलं असतं. एका पर्यायात अवघडणारे ते स्वतः. सगळे मुकाट्याने तोच निवडतात.

हे अवघडणं मोजायला वही आहे. लग्नात आहेराची असते ना, कोणी काय दिलं, कोणाला काय परत करायचं, तशी. लाल पुठ्ठ्याची, वर 'श्री'. आत तीन रकाने. सकाळी सातच्या आधी किंवा रात्री नऊनंतर कोणी बसला तर अर्धं जागरण. रात्री अकरा ते पहाटे सहामध्ये बसला तर पूर्ण. मेलबर्नच्या रकान्यात दर गुरुवारी अर्धं पडत गेलं. दहा गुरुवारांनंतर भाऊ वही उघडून माझ्यासमोर बसले. "पाच जागरणं देणं लागतो मी त्याचं." आवाजात सावकाराच्या दारात बसलेल्या माणसाची घालमेल होती.

फेड म्हणून दर तिसऱ्या गुरुवारी मीटिंग मेलबर्नच्या सकाळी आठला ठेवायची असं ठरलं. शिकागोला आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच, म्हणजे छान. डब्लिनला आदल्या रात्रीचे अकरा, म्हणून त्याला त्या दिवशी सूट, फक्त टिपण पाठवायचं. अकोल्याला पहाटेचे साडेतीन. गल्लीत बातमी पसरली की भाऊंनी पारायण धरलंय. समोरच्या काकूंनी पहाटे दिवा बघून हात जोडले आणि आठवडाभराने प्रसाद कधी आहे हे विचारून गेल्या.

दुसऱ्यांच्या सणवारांची त्यांना पाठांतरासारखी माहिती. अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग, मेलबर्नला नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी, सगळं कॅलेंडरवर. श्रावणातला शेवटचा सोमवार मात्र टाकायचा राहिला. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन कावडी राजराजेश्वराकडे निघालेल्या, पेठेतल्या पोरांचे ढोल खिडकीखाली, आणि आत भाऊ एका महत्त्वाच्या प्रश्नाला आवाज बंद ठेवून मान हलवतायत. शिकागोच्या बाईंनी विचारलं, "आज तुमच्याकडे सुट्टी होती का?" भाऊंनी लिहिलं, "थोडीशी."

खरा धक्का बसला तो २०२५ च्या दिवाळीनंतर. डब्यात चिवड्याचा चुरा उरला होता. ५ ऑक्टोबरला मेलबर्नचं घड्याळ एक तास पुढे गेलं होतं. २६ ऑक्टोबरला डब्लिनचं मागे गेलं. २ नोव्हेंबरला शिकागोचं मागे गेलं. भाऊंचं निमंत्रण दर आठवड्याला आपोआप जाणारं, आणि ते ज्या घड्याळाला बांधलेलं होतं ते `Asia/Kolkata`. ते कधी हलत नाही. त्यामुळे अकोल्यात साडेपाच ते साडेपाचच राहिले आणि बाकी सगळे त्याच्याभोवती सरकले. मेलबर्नचे अकरा झाले. डब्लिनला जेवणाची सुट्टी सुरू होताना मीटिंग. आणि ६ नोव्हेंबरच्या गुरुवारी शिकागोच्या बाई सकाळी सहाला, अंधारात, स्वेटरवर ब्लँकेट घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत. शेवटी फक्त एवढंच म्हणाल्या, की मागच्या हिवाळ्यातही असंच होतं, पण तुम्ही इतक्या प्रेमाने विचारता की नाही म्हणवत नाही.

भाऊ दोन दिवस जेवले नाहीत नीट. मागच्या पूर्ण हिवाळ्याची अर्धी जागरणं वहीत लिहायची राहिली होती. मग ते कागद घेऊन बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की यावर तोडगाच नाही. मेलबर्न आणि शिकागो यांच्यात आपल्या पावसाळ्यात पंधरा तासांचं अंतर, आपल्या हिवाळ्यात सतरा. मेलबर्नचा उन्हाळा आमच्या हिवाळ्यात येतो, म्हणून एक घड्याळ पुढे जातं तेव्हा दुसरं मागे. साडेसहाला सरकवलं तर शिकागोला पुन्हा सात मिळतात, पण मेलबर्नला मध्यरात्र.

"मग दोन मीटिंगा करा," आजी म्हणाल्या. त्या कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. "सगळ्याईले एका पंगतीत कायले बसवतं? अर्ध्याईले पहिल्या पंगतीत बसव, अर्ध्याईले दुसऱ्या."

भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. पुढच्याच गुरुवारपासून सकाळी अकराला मेलबर्न, म्हणजे तिथे दुपारचे साडेचार. रात्री आठला डब्लिन आणि शिकागो, म्हणजे तिथे दुपारचे अडीच आणि सकाळचे साडेआठ. सकाळचं बोलणं रात्री सांगायचं, रात्रीचं पुढच्या सकाळी मेलबर्नला लिहून पाठवायचं. दोन्हीकडे वाढणारा एकच, भाऊ. परदेशात कोणाच्याच रकान्यात काही पडेना. वही रिकामी राहू लागली आणि त्यांना हलकं वाटू लागलं.

परवा रात्री सव्वानऊला मी सहज डोकावलो. मीटिंग नुकतीच संपली होती, ताटावर ताट झाकलेलं. वहिनींनी वही उघडून चौथा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं 'अकोला, घरचे'. खाली सात आठवड्यांच्या तारखा, आणि पुढे शेंगदाण्यासारखे ठसठशीत आकडे.

भाऊंनी चष्मा चढवला, हिशोब वरपासून खालपर्यंत बारकाईने तपासला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तेरा नोव्हेंबरचं पूर्ण कसं? त्या दिवशी मी नऊ दहाला उठलो होतो. अर्धं धरायला पाहिजे."

"कढी दोनदा गरम केली होती," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी क्षणभर विचार केला आणि पेन्सिलीने तिथे 'बरोबर' अशी खूण केली.