झोपलेला स्टार्टर

ढाणकीतल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत भिंतीला मोकळं सोडायची पद्धत नाही. मी ज्या दुकानात मोटारीच्या निमित्तानं (आणि मोटार दुरुस्त झाल्यावर निमित्ताशिवाय) बसतो, तिथं एका भिंतीवर देवाचा फोटो, खतवाल्याचं मागल्या सालचं कॅलेंडर, ‘उधार मागून लाजवू नये’ ही पाटी आणि या सगळ्यांच्या मधोमध चार टाचण्यांनी अडकवलेला एक कागद आहे. वॉर्निशच्या वाफेनं तो पिवळा पडलाय. त्यावर उभ्या-आडव्या रेघा, बारीक चौकोन आणि आकडे. तो थ्री फेज मोटारीच्या साध्या स्टार्टरचा, म्हणजे डीओएल स्टार्टरचा सर्किट डायग्राम. गिऱ्हाइकांना तो कुंडलीसारखा वाटतो. समजत नाही, पण समोर असला की बरं वाटतं.

दुकानात शिकायला आलेल्या पोराला सगळे बारक्याच म्हणतात. दहावी झालेला, हातानं चपळ. तार सोलणं, बेअरिंग काढणं, चहा आणणं या तिन्हींत लवकर तयार झाला. कागदाशी मात्र त्याचं जमेना. तो कागद म्हणजे पेटीचं चित्र आहे, अशी त्याची खात्री होती. स्टार्टरचं झाकण उघडायचं, कागदाकडं पाहायचं, पुन्हा पेटीत पाहायचं. कागदावर कॉइल खाली डाव्या कोपऱ्यात, पेटीत कॉन्टॅक्टरच्या पोटात. कागदावर लाल बटण ओव्हरलोड रिलेच्या खाली, पेटीत ते झाकणावर आणि रिले तळाशी.

‘‘मिस्तरी, हा दुसऱ्या कंपनीचा दिसते,’’ तो शेवटी म्हणाला.

मिस्तरी हसले नाहीत. वाइंडिंगचे वेढे मोजताना ते हसत नाहीत, आकडा चुकतो. वेढे संपल्यावर म्हणाले, ‘‘कोणती वस्तू कुठं हाय, ते त्यात नाही लिहेल. कोणाच्या मागून कोण, येवढंच हाय. अन् आणखी एक. त्यातलं सगळं झोपेल हाय.’’

या दुसऱ्या वाक्यावर बारक्या बरेच दिवस अडला होता. असे डायग्राम लाइन नसताना, कोणी काही दाबलेलं नसताना जशी स्थिती असते तशी काढतात. म्हणून लाल बटणाचा संपर्क त्यात जुळलेला दिसतो आणि हिरव्याचा सुटलेला. बारक्याला ते उलटं वाटायचं. बंद करायचं बटण, आणि तेच जोडलेलं? बरोबरच आहे. लाल बटण दाबल्यावर रस्ता तोडतं, त्यामुळे न दाबता त्याला जोडूनच राहावं लागतं. हिरव्याचं काम जोडण्याचं, म्हणून ते एरवी सुटलेलं. कागदावरची प्रत्येक वस्तू मनातल्या मनात आपण उठवायची आणि तिच्या उठण्यानं पुढं कोण उठतं ते पाहायचं. कागद स्वतः काही हलून दाखवत नाही.

आकड्यांबद्दल बारक्याचा समज असा, की 95 आणि 96 हे पार्टचे भाव असावेत. ते टर्मिनलचे नंबर निघाले, आणि त्यांत एक सोय आहे जी मलाही त्या दुकानात बसूनच कळली. नुसत्या एका अंकाचे, म्हणजे 1 ते 6, हे मोटारीकडं जाणाऱ्या जाड तारांचे. दोन अंकी नंबर लहान संपर्कांचे, आणि त्यांत शेवटचा अंक स्वभाव सांगतो. शेवटी 1-2 असेल तर झोपेत जुळलेला, 3-4 असेल तर झोपेत सुटलेला. म्हणून 21-22 जुळलेला आणि 13-14 सुटलेला. ओव्हरलोड रिलेला 95-96 हा जुळलेला संपर्क राखून ठेवलाय. कंपनी कोणतीही असो, हे नंबर तेच. पेटी उघडल्यावर प्लास्टिकवर बारीक अक्षरांत ते छापलेले सापडतात. बारक्याला हे समजलं त्या दिवशी त्यानं दुकानातले सगळे भंगार कॉन्टॅक्टर पुसून काढले. मिस्तरींना वाटलं, पोराला स्वच्छतेची आवड लागली.

मग बिटरगावकडून एक शेतकरी गोणपाटात स्टार्टर गुंडाळून आले. हळदीला पाणी चालू, मोटार पाच एचपीची. तक्रार अशी, की हिरवं बटण दाबून धरलं तोवर मोटार चालते, सोडलं की बंद. आणि तक्रारीसोबत त्यांनी उपायही आणला होता. बटणात बाभळीची काडी ठोकून त्यांनी हप्ताभर काम चालवलं. काडी अजून जागेवर होती.

‘‘पाय बरं भिंतीकडं,’’ मिस्तरी बारक्याला म्हणाले.

बारक्यानं कागदावर बोट ठेवलं. वरून एक फेज येते. ओव्हरलोडच्या 95-96 मधून जाते, लाल बटणातून जाते, हिरव्या बटणापाशी अडते. हिरवं दाबलं की पुढं कॉइलला, A1 ला पोचते. कॉइल लोखंडी पट्टा ओढते, पट्ट्याबरोबर तिन्ही जाड संपर्क जुळतात, मोटार फिरते. इथवर ठीक. आता बोट काढलं. हिरवं सुटलं, रस्ता तुटला, कॉइल गेली. मग चांगल्या स्टार्टरमधली मोटार बोट काढल्यावर चालू राहतेच कशी?

त्याचं बोट तिथंच थांबलं. हिरव्या बटणाच्या बगलेला एक छोटा फाटा काढलेला होता, 13-14. त्याच्याजवळ K1 लिहिलेलं. आणि खाली कॉइलजवळही K1. कागदावर दोघांत वीतभर अंतर.

‘‘हे दोघं एकच हायत?’’

‘‘एकाच अंगाचे. कॉइलनं ओढलं की तो बी जुळते.’’

म्हणजे कॉइल उठते ती हिरव्या बटणाच्या जोरावर, पण उठल्याबरोबर स्वतःचाच एक संपर्क जुळवून बटणाला बगल देते, आणि पुढं त्याच वाटेनं स्वतःला धरून ठेवते. याला मिस्तरी होल्डिंग म्हणतात. या स्टार्टरात होल्डिंग गेलं होतं. बारक्यानं कॉन्टॅक्टरच्या बाजूचा 13-14 खोलला. दोन चांदीच्या ठिपक्यांच्या मध्ये मुंग्या चिरडून, जळून त्यांची काळी खपली झाली होती. शेतातल्या पेटीत मुंग्या आणि पाली उबेला येतात. त्यांना डायग्राम वाचता येत नाही. झिरो पेपरचा हलका हात फिरवला आणि स्टार्टर पकडू लागला.

शेतकऱ्यांना काडीबद्दल बोलणी बसतील असं मला वाटलं, पण मिस्तरींनी तिचा निकाल भिंतीवरच्या कागदावर लावला. काडी हिरव्या बटणात असेल तर ओव्हरलोड अजून कामाचा आणि लाल बटणही दाबून धरलं तोवर कामाचं, कारण दोघं त्याच वाटेवर आधी लागतात. जातं ते एकच, पण मोठं. होल्डिंगवर चालणारा स्टार्टर लाइन गेली की सुटतो आणि लाइन आली तरी कोणी बटण दाबेपर्यंत झोपून राहतो. काडीवाला आपोआप उठतो. तेव्हा कोणी मोटारीच्या पट्ट्यात किंवा वायरीत हात घालून बसलं असेल तर संपलं.

काही बहाद्दर याच्याही पुढं जातात आणि काडी थेट कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यावर ठोकतात. मग कॉइल, लाल बटण, ओव्हरलोड सगळेच बेकार. एक फेज गेली की उरलेल्या दोन तारांत करंट वाढतो. ओव्हरलोडमधली पट्टी तापून वाकते आणि 95-96 सोडतेसुद्धा, पण कॉइल सुटली तरी काडी सुटत नाही. मोटार जळून दुकानात येते. त्या एका काडीवर रिवाइंडिंगवाल्यांचे संसार चालतात, हे माझं मत. मिस्तरींनी नाकारलं नाही.

दुकानात विकत मिळणारा ऑटो म्हणजेही या काडीचीच सुधारलेली आवृत्ती. चांगला ऑटो तिन्ही फेज बघतो आणि थोडा थांबून सुरू करतो, हे खरं. पण लोक थांबण्याचा वेळ शून्यावर आणतात. पाच एचपीची मोटार चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, आणि असल्या स्टार्टरवर उठताना क्षणभर त्याच्या सहापट. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपीचं काय होतं, ते रात्री अंधारात बसून गावानं अनुभवलेलं आहे.

यानंतर बारक्या कागदाला घाबरेनासा झाला. पण कागदानं त्याला एकदा खोटं पाडलं, ते पैनगंगेकाठच्या एका शेतात. मिस्तरींच्या मोटारसायकलवर मागं बारक्या होता, मी नव्हतो; पुढचं दोघांकडून ऐकलेलं आहे. तिथला स्टार्टर उचलतच नव्हता. बारक्यानं हिरवं बटण दाबून धरायला सांगितलं आणि टेस्टर लावत गेला. 95 वर पेटला, 96 वर पेटला, लाल बटणाच्या अलीकडं पेटला, पलीकडंही पेटला, A1 वर पेटला. फेज पोचली, म्हणजे कॉइल जळाली, असा त्यानं निर्णय दिला. मिस्तरींनी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. दोन बल्ब सिरीजमध्ये, कारण दोन फेजांमध्ये साधारण 415 व्होल्ट असतात, एकटा बल्ब उडतो. लॅम्पचं एक टोक कॉइलच्या A2 वर ठेवलं आणि दुसरं एकेक ठिकाणी. 95 वर उजेड, 96 वर उजेड, लाल बटणाच्या अलीकडं उजेड, पलीकडं अंधार. लाल बटणामागची पितळी पट्टी वाकून सुटलेलीच राहिली होती. कॉइल शाबूत.

मग टेस्टर का पेटला? बारक्यानं खताच्या रिकाम्या पिशवीवर खिळ्यानं तो कागद आठवून काढला. कागदाप्रमाणं A2 न्यूट्रलला जाते. तसं असतं तर तुटल्याच्या पलीकडं कॉइलमार्गे न्यूट्रलच मिळाला असता आणि टेस्टर विझायला पाहिजे होता. तो पिशवी धरून बराच वेळ बसला. मग उठून A2 ची तार हातानं न शिवता नजरेनं शोधत गेला. ती न्यूट्रलला नव्हतीच. तिसऱ्या फेजला होती. शेताच्या पेटीत न्यूट्रल आणलेलाच नसतो, कॉइल 415 व्होल्टची, दोन फेजांमध्ये बसवलेली. दाबून धरलेल्या बटणातून आणि कॉइलमधून तिसरी फेज उलटी येऊन टेस्टर पेटवत होती.

दुकानात परतल्यावर त्यानं हात धुतले, स्टूलवर चढला आणि कागदावरच्या N वर पेन्सिलनं काट मारून L3 लिहिलं. मिस्तरी वर्षानुवर्षं त्या कागदाखाली बसून असे स्टार्टर बांधत आले होते. त्यांनी चष्मा वर सारून पाहिलं.

‘‘पेनानं लिही,’’ म्हणाले, ‘‘अन् खाली कॉइल चारशे पंधराची हाय ते बी टाक. नाही तं उद्या कोनी दोनशे तीसची बसवंल अन् धूर निघंल.’’