विषय : तेच

‘विषय : तेच. संदर्भ : मागचं परिपत्रक, आणि त्याच्याही मागचं.’

आमच्या ऑफिसच्या फलकावर दर महिन्याच्या 20 तारखेला लागणाऱ्या कागदाची ही सुरुवात. खाली मजकूर असा : ‘टाइमशीट आणि प्रवासखर्चाची बिलं 25 तारखेला संध्याकाळी सहापर्यंत द्यावीत. सहा म्हणजे सहा. सहा वाजून दहा मिनिटांनी जिन्यात भेटून चालणार नाही.’ त्याखाली वहिनींची सही. सहीखाली दोन रेघा, दुसरी पहिलीपेक्षा जोरात ओढलेली.

वहिनी आमच्या प्रशासन अधिकारी. त्या नक्की कुणाच्या वहिनी हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. मी लागलो तेव्हाही त्या वहिनीच होत्या, आणि मोठे साहेब त्यांच्याहून वयाने मोठे असूनही त्यांना वहिनीच म्हणतात. आमचं ऑफिस पुण्यातलं, काम पाणीपुरवठ्याच्या योजना आखून देण्याचं. इंजिनिअर मंडळी अर्धा महिना साइटवर आणि उरलेला अर्धा महिना साइटवरून आल्याच्या थकव्यात. कागद भरायला वेळ असा तिसरा अर्धा आमच्याकडे नसतो.

पूर्वी ही परिपत्रकं इंग्रजीतून मेलवर यायची. ‘काइंड रिमाइंडर’ म्हटलं की आम्ही ते सद्भावनेनं पुसून टाकायचो. मग वहिनींनी मराठीत लिहायला सुरुवात केली आणि कागद थेट चहाच्या मशीनशेजारच्या फलकावर लावला. इंग्रजीतलं परिपत्रक कंपनीचं वाटतं. मराठीतलं घरून आल्यासारखं वाटतं. पहिल्याच महिन्यात निम्मी बिलं वेळेवर आली. उरलेल्या निम्म्यांत मी होतो.

परिपत्रकाच्या तीन आवृत्त्या निघतात. 20 तारखेच्या आवृत्तीत ‘कृपया’ असतं. 23 तारखेला ‘कृपया’ जातं. 25 तारखेला सकाळी निघणाऱ्या आवृत्तीत राहिलेल्यांच्या आडनावांची पहिली अक्षरं असतात. ‘कुणाचंही नाव जाहीर करण्याचा हेतू नाही,’ असं लिहून त्याखाली ‘कु., जो., पा. (दुसरे)’. आमच्याकडे पाटील तीन आहेत. त्यामुळे दोन निरपराध पाटील दिवसभर ‘मी पहिला’, ‘मी तिसरा’ असं सांगत फिरतात.

मला वाटायचं, हा सगळा आटापिटा बाईंच्या टापटिपीच्या हौसेपायी आहे. टेबलही तसंच त्यांचं. पंचिंग मशीन, पोलादी पट्टी, जुन्या बिस्किटांच्या डब्यात एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प (पाच हजारांवर रोख रक्कम घेतली की पावतीवर तो लागतोच), आणि भिंतीवर कालनिर्णय, त्यात दर महिन्याच्या 25 तारखेला लाल गोल. एकदा माझे 36 तास भरायचे राहिले, तेव्हा त्या गोलाचा अर्थ कळला.

ते काम तासावर होतं. ग्राहकाला तासाला 1,200 रुपये दराने बिल जायचं आणि बिलाला मंजूर टाइमशीट जोडावी लागायची. माझे तास नाहीत म्हणून बिल 43,200 रुपयांनी कमी गेलं. पुढच्या महिन्यात ते तास घालून पाठवले, तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, ‘तो महिना आमच्याकडे बंद झाला, आता वेगळी मंजुरी लागेल.’ मंजुरी देणारे साहेब रजेवर, मग बदलीवर. पैसे यायला चौथा महिना उजाडला. माझा पगार मात्र त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी झाला होता. वहिनी मला रागावल्या नाहीत. त्या तीन महिन्यांत पगाराची स्लिप देताना फक्त एकदा स्लिपकडे आणि एकदा माझ्याकडे बघायच्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

टाइमशीट वाचावी तर वहिनींनी. दिवसाचे आठ, कामाचे दिवस बावीस, म्हणून 176 तास, ही बेरीज कुणीही करील. त्या बेरीज बघतच नाहीत. कागद हातात आला की त्या तो जरा लांब धरतात, साडीचा पोत बघावा तसा. महिनाभर एकाच कामाच्या कोडवर सलग आठ-आठ-आठ दिसले की म्हणतात, ‘हे एका बैठकीत भरलंय.’ खरं काम करणाऱ्याच्या शीटमध्ये साडेसहा असतात, पावणेदोन असतात, ‘इतर’मध्ये एखादा तास सांडलेला असतो. आमच्या नकाशा विभागातल्या एकाने गणेश चतुर्थीच्या दिवशी साइटवर आठ तास दाखवले. वहिनींनी त्याला बोलावून शांतपणे विचारलं, ‘मग मला उकडीच्या मोदकांचे फोटो पाठवले ते कुणी?’ दुसऱ्या एकाने बंद झालेल्या कामावर बारा तास टाकले होते. ‘ती टाकी मार्चमध्ये बांधून झाली रे,’ त्या म्हणाल्या, ‘लोक पाणी पितायत त्यातलं.’

या व्यवस्थेत एक गंमत आहे, आणि तिची जाणीव वहिनींना आमच्याहून जास्त आहे. शीट 25 तारखेला द्यायची, पण महिना 30 तारखेपर्यंत. म्हणजे उरलेले दिवस अंदाजाने भरायचे. त्यामुळे वहिनी 25 तारखेला ज्योतिषाच्या थाटात प्रत्येकाला विचारतात, ‘तीस तारखेला काय करणार आहेस?’ एकाने ‘काम’ असं भरलं आणि 29 तारखेपासून तापाने झोपला. पुढच्या महिन्यात दुरुस्तीचा फॉर्म भरताना त्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘भविष्य चुकलं.’ वहिनींनी तो फॉर्म मंजूर केला. फक्त ‘चुकलं’वरचा पुसट अनुस्वार गडद करून दिला.

पण त्यांचा खरा प्रांत म्हणजे प्रवासखर्च. सर्व्हे विभागातल्या एका मुलाला कळलं होतं की हॉटेलातल्या मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं महिन्या-दोन महिन्यांत उडतात. शहाणा मुलगा. त्याने चौकातल्या दुकानात जाऊन सगळ्या पावत्यांना लॅमिनेशन करून घेतलं. त्या कागदावर शाई नसतेच. उष्णतेने काळा होणारा लेप असतो, आणि लॅमिनेशनचं मशीन तापलेलं. सातही पावत्या डांबरासारख्या काळ्याकुट्ट होऊन निघाल्या. त्या वहिनींपुढे ठेवताना त्याचा चेहराही साधारण त्याच रंगाचा होता. वहिनींनी एक पावती उचलून उजेडात धरली. ‘छान टिकेल,’ म्हणाल्या. मग त्याला हॉटेलांना फोन करून दुसऱ्या प्रती मागवायला लावलं, आणि पुढच्या परिपत्रकात कलम आलं : ‘पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी. पावतीस ऊन, इस्त्री व लॅमिनेशन दाखवू नये.’

माझं प्रकरण इंदूरचं. त्याआधी नागपूरला गेलो होतो तेव्हा हॉटेलचं बिल स्वतःच्या नावावर घेतलं म्हणून वहिनींनी माझी शाळा घेतली होती. बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर असला, आणि हॉटेलवाल्याने त्याच्या विवरणात ते बिल दाखवलं, तरच खोलीवर भरलेला कर कंपनीला आपल्या करातून वजा करून मिळतो. धडा मी मनावर घेतला. इंदूरला काउंटरवर उभं राहून नंबराची पंधरा अक्षरं-आकडे दोनदा वाचून दाखवले, बिलावर छापून घेतले, आणि पुण्यात आल्यावर ते बिल वहिनींना असं दाखवलं, जसं पोरगं प्रगतिपुस्तक दाखवतं.

‘खोली कुठे होती?’

‘इंदूरला.’

‘आपली नोंदणी?’

‘महाराष्ट्रात.’

‘मग खोलीवरचा कर जिथे खोली तिथला. मध्य प्रदेशचा. आपल्याला तो वजा करून मिळत नाही रे बाळा.’ बिल फायलीत सरकवत त्या पुटपुटल्या, ‘नंबर टाकायला हवा तिथे टाकला नाहीस, आणि चालत नव्हता तिथे पाठ करून गेलास.’

खोटं बिल आणणाऱ्याला त्या ओळखतात, पण बिल नसलेल्यावर त्यांचा राग नसतो. ‘रात्री सराफ्यात खायला गेला असशील ना?’ त्यांनी विचारलं. इंदूरला जाऊन सराफा बाजारात न गेलेला माणूस त्यांना संशयास्पद वाटला असता. ‘गेलो होतो. पण तिथे बिल कोण देतं?’ ‘कुणी देत नाही. म्हणूनच विचारतेय. भुट्ट्याचा कीस, गराडू, जे काय खाल्लं ते लिही, किती झाले ते लिही, खाली सही कर. स्टेशनरीच्या दुकानातून कोरं पावतीबुक आणून “अन्नपूर्णा भोजनालय” असं स्वतःच्या अक्षरात लिहू नकोस. ते भोजनालय आपल्याकडे पाच जणांनी काढलंय.’

एवढं सगळं समजावून झाल्यावरही मी फॉर्म 25 तारखेला दिला नाही. टॅक्सीची पावती दुसऱ्या पँटच्या खिशात होती आणि ती पँट इस्त्रीला. (इस्त्रीचं कलम तोवर आलेलं होतं, मी धावत गेलो, वाचली.) तोपर्यंत महिना बंद झाला.

महिना बंद झाला तरी खर्च तर त्याच महिन्याचा. तो त्याच महिन्याच्या हिशेबात दिसला नाही, तर साहेबांना वाटतं इंदूरचं काम फायद्यात आहे. म्हणून न आलेल्या बिलांपोटी अंदाजे रकमेची तरतूद करायची; पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला ती उलटी फिरवायची आणि बिल आलं की खरा आकडा टाकायचा. हा अंदाज अकाउंट्सवाले वहिनींकडूनच घेतात. वहिनी डोळे मिटतात आणि आकडा सांगतात. माझा सांगितला 8,400.

3 तारखेला मी फॉर्म दिला. हॉटेल दोन रात्रींचे 5,200, टॅक्सी 1,900, जेवण 870, सराफा 400. एकूण 8,370. अकाउंट्समधल्या मुलाने तोंडात बोट घातलं. मीही जरा घाबरलो. बायकोलाही माझा खर्च इतक्या जवळून सांगता येत नाही.

वहिनी मात्र खूश नव्हत्या. फॉर्म त्यांनी दोनदा वरून खाली वाचला.

‘तीस रुपये कुठे गेले?’

‘कुठले?’

‘सकाळी गाडीतून उतरल्यावर चहा घेतला नाहीस? दोन दिवस, येताना-जाताना?’

‘घेतला ना. त्याचं काय लिहायचं?’

त्यांनी चष्मा काढला. वर्षानुवर्षं लोक जास्त लिहितात म्हणून भांडणारी बाई, आज मी कमी लिहिलं म्हणून दुखावली होती. फॉर्म परत माझ्यापुढे सरकवून त्यांनी पेन दिलं. मी ‘चहा 30’ लिहिलं, बेरीज खोडून 8,400 केली, खाडाखोडीवर सही केली. त्यांनी शिक्का मारला.

20 तारखेला फलकावर नवा कागद लागला. विषय तोच. सर्वांत खाली नवं कलम : ‘चहा प्यायला असल्यास लिहावा.’ आणि शेजारी, कंसात : ‘कु. यांनी वाचावे.’