ओटीभाऊ

खालापूर तालुक्यातल्या बहुतेक कारखान्यांत हा इसम एकतरी सापडतो. खरं नाव मस्टरवर. बाकी सगळ्यांना तो ओटीभाऊ. राहायला कर्जतला. पहाटेची खोपोली लोकल पकडून फर्स्ट शिफ्टला जायचं आणि दुपारी तीनला सुटायचं ते रात्री अकराला. "काल परत डबल मारली," हे सांगताना आवाज असा, की जणू ढाकचा बहिरी चढून आलाय.

"कुणी जबरदस्ती करतं का रे?"

"छे! आपली खुशी."

खुशीचा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. बेसिक-डीए धरून 18,200. भागिले सव्वीस, दिवसाचे 700. तासाचे साडेसत्त्याऐंशी, ओटीला दुप्पट म्हणजे 175. एका डबलचे 1,400. महिन्याला चार डबल धरूनच त्याने बाईक घेतली. बँकेचा हप्ता पगारावर नाही, ओटीवर चालतो.

आता ही डबल येते कुठून ते बघा. पाळीला आठ मशीन आणि बरोब्बर आठ ऑपरेटर. जादा माणूस एकही नाही. म्हणजे एकाला ताप आला, की दुसऱ्याची खुशी सुरू. 1948च्या कारखाने कायद्यातही सोळा तासांना अशीच फट होती: सलग चालणाऱ्या कामात पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही तर. ही अडीनडीची सोय होती. इथे माणसंच इतकी मोजून भरलीत, की अडीनडी दर आठवड्याला येते. दुप्पट पैसे देऊनही कंपनीला परवडतं, कारण नवीन माणूस म्हणजे रजा, बोनस, ग्रॅच्युइटी आली. ओटीवर तर पीएफही कापला जात नाही.

तीनला वीस कमी असताना सुपरवायझर मशीनपाशी येतो. "रिलिव्हर आला नाही रे. थांबतोस ना?" चालू मशीन सोडून जायचं कसं? भाऊ मान हलवतो आणि बायकोला फोन लावतो. ती उचलून नुसतंच "बरं" म्हणते.

एकदाच तो नाही म्हणाला. मेव्हण्याचा साखरपुडा होता. कुणी ब्र काढला नाही, मेमो नाही, काही नाही. फक्त पुढचे दोन रविवार ओटीच्या यादीतून त्याचं नाव गळलं, रजेच्या अर्जावर "बघू" आलं आणि बाईकचा हप्ता थकला. तिसऱ्या आठवड्यात भाऊ स्वतःच सुपरवायझरला गाठून म्हणाला, "साहेब, कधीही सांगा, मी आहे."

यालाही तो खुशीच म्हणतो. नाही म्हटल्यावर काहीच बिघडत नसतं, तर मीही खुशीच म्हटलं असतं.

"मग तू रजा घेतलीस की तुझी डबल कोण मारतो?"

"म्हणून तर घेत नाही," तो म्हणाला आणि खिशातून एका शोरूमचं पत्रक काढलं. बायकोसाठी स्कूटी बघतोय. "जास्त नाही हो. महिन्याला दोनच डबल."