मामांचा करारनामा मराठीत कसा आणावा

पुण्यात ज्याच्या मामांचा दुसरा फ्लॅट आहे आणि ज्याला इंग्रजी उत्तम येते असा घरात समज आहे, त्या भाच्यावर हे संकट कधी ना कधी येतेच. एजंटाने लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा आणून दिलेला असतो. मामांना त्यात आपले नाव, फ्लॅटचा नंबर आणि रुपयांचे आकडे एवढेच ओळखीचे वाटते. ‘‘अरे, सही करण्याआधी जरा मराठीत उतरवून दे,’’ असे म्हणून ते चहा मागवतात. चहा येईपर्यंत काम होईल, अशी त्यांची प्रामाणिक अपेक्षा असते.

पायरी पहिली : भाडेकरूला घराबाहेर ठेवणे. होतकरू अनुवादक पहिल्याच ओळीत लायसन्सीचा ‘भाडेकरू’ आणि लायसन्स फीचे ‘भाडे’ करून मोकळा होतो. चौथ्या-पाचव्या कलमाला मात्र त्याची पंचाईत होते. या करारामुळे भाडेकरूचे कोणतेही हक्क निर्माण होत नाहीत, असे तिथे लिहिलेले असते. मग त्याचा अनुवाद होतो, ‘भाडेकरूला भाडेकरूचे हक्क राहणार नाहीत’. हे वाचून मामा भाच्याकडे बघतात आणि भाचा पंख्याकडे.

हे कलम उगाच घातलेले नसते. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची नुसती परवानगी. त्यातून जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणून मराठीतही लायसन्सर, लायसन्सी आणि लायसन्स फी हेच शब्द ठेवावेत आणि त्यांचा अर्थ वर एकदाच सांगून टाकावा. मामा बोलताना ‘भाडेकरू’च म्हणणार. म्हणू द्यावे, पण कागदावर येऊ देऊ नये.

पायरी दुसरी : अपवादाचे शेपूट न कापणे. इंग्रजी मसुद्याला ‘अमुक वगळता’ ही शेपटे वाक्याच्या टोकाला लावायची खोड असते आणि अनुवादक तिथे पोहोचेपर्यंत दमलेला असतो. पहिले सहा महिने कोणालाही करार मोडता येणार नाही, हे तो ठसठशीत लिहितो. दोन महिन्यांची फी थकली तर लायसन्सरला मोडता येईल, हे राहून जाते. मग फी थकली तरी मामा सहा महिने गप्प बसून राहतात.

उलटाही प्रकार होतो. लायसन्सीने फ्लॅट होता तसा परत करावा, नेहमीच्या वापराने झालेली झीज वगळून, असे कलम असते. ‘वगळून’ वगळले की भिंतींच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचा हक्क आपल्याला मिळाला, असे मामा धरून चालतात. यावर उपाय एकच : लांब वाक्याची दोन वाक्ये करावीत, आधी नियम आणि लगेच खाली ‘मात्र’ने सुरू होणारा अपवाद.

पायरी तिसरी : मुदतीनंतरचे गणित मांडून दाखवणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपल्यावर लायसन्सीने सोडली नाही, तर त्याच्यावर दुप्पट दराने नुकसानभरपाईची जबाबदारी येते. फी महिना 20,000 आणि डिपॉझिट 1,00,000 असेल, तर जास्तीच्या महिन्याला 40,000 रुपये. म्हणजे अडीच महिन्यांत डिपॉझिटइतकी रक्कम होते.

हे ऐकून मामांचा चेहरा खुलतो, म्हणून पुढचे वाक्य त्याच दमात वाचून दाखवावे. जागा खाली करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मामांनी स्वतः जाऊन कुलूप बदलायचे नसते. अनुवादात ‘ताबा परत घेण्याचा हक्क’ एवढेच लिहिले, तर मामा तडक कुलूपवाल्याकडे निघतील.

पायरी चौथी : स्वतःच्या अनुवादाची लायकी ओळखणे. सही आणि नोंदणी इंग्रजी मसुद्यावर होणार असेल, तर भाच्याची प्रत फक्त समजण्यापुरती. तिच्या माथ्यावर तसे लिहावे, कलमांचे क्रमांक मूळ मसुद्याप्रमाणेच ठेवावेत, आणि आकडे व तारखा मामांकडून मोठ्याने वाचून घेऊन दोन्ही प्रतींत ताडून पाहाव्यात. एखादे कलम समजलेच नाही, तर तिथे गोलमोल मराठी न लिहिता वकिलाला विचारायची खूण करावी.

चहा एव्हाना गार झालेला असतो. तो पिता पिता भाच्याने दोन गोष्टी सांगून टाकाव्यात. एक, मराठी करारनामाही महाराष्ट्रात नोंदवता येतो. तेव्हा पुढच्या खेपेला एजंटाकडे मराठी मसुदाच मागावा. दोन, नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत समोरचा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.