दर बारा पानांवर भाषा

बेळगावकडच्या जमिनीच्या फायलीचं वय कुणी विचारत नाही, जाडी विचारतात. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मामेभावाने पाठवलेली फाईल ३१२ पानांची होती. ती सगळी एकाच पीडीएफमध्ये कोंबलेली, आणि झेरॉक्सवाल्याने काही पानं आडवी, काही उलटी घातलेली. सोबत निरोप: "वकीलसाहेब म्हणतात, सर्व्हे नंबर टाकला की पान सापडायला पाहिजे. तू कॉम्प्युटरवाला आहेस, बघ की जरा." आपल्याकडे प्रिंटरचा कागद अडकला तरी कॉम्प्युटरवाला आणि पणजोबांची जमीन अडकली तरी कॉम्प्युटरवालाच.

स्कॅन म्हणजे फोटो. फोटोत शोधता येत नाही, म्हणून आधी त्यातली अक्षरं ओळखून घ्यायची. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्याला भाषा आधी सांगावी लागते: मराठीला `mar`, इंग्रजीला `eng`, कन्नडला `kan`, हिंदीला `hin`. गोम अशी की हा गृहस्थ कधीच "मला येत नाही" म्हणत नाही. कन्नड पान `mar` लावून दिलंत तर तो ते मराठीत वाचून दाखवतो. एकही शब्द मराठी नसतो, पण काना-मात्रा-वेलांट्या अशा ऐटीत लावलेल्या असतात की क्षणभर आपल्यालाच आपल्या मराठीची शंका यावी. कीर्तनात ओळ विसरलेला बुवा जसा नुसत्या आवाजावर वेळ मारून नेतो, तसा प्रकार.

आणि या फायलीत भाषा काय एक होती? १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याआधीचे उतारे मराठीत, पुढच्या काळातल्या पहाण्या कन्नडमध्ये. कोर्टाचा निकाल इंग्रजी. मध्येच भूसंपादनाचं केंद्र सरकारचं राजपत्र, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. तळाशी मोडीतले कागद आणि सगळ्यात वर वकीलसाहेबांचा ताजा अर्ज.

"मग सगळ्या भाषा एकदम सांगून टाक की त्याला," अण्णा म्हणाले. तसं करता येतं. `mar+eng+kan+hin` असं लिहिलं की तो चारही भाषा घेऊन बसतो. पण मग एक तर तो फार हळू चालतो, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक अक्षरावर त्याला चार घरची चार उत्तरं सुचतात. खरी गंमत आकड्यांत होते. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. त्यामुळे ज्या पानावर इंग्रजीचा पगडा बसतो तिथे सर्व्हे नंबर ११/२ चा सरळ 99/2 होतो. हे अण्णांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे अकराचे नव्याण्णव? जमीन वाढली म्हणायची की!"

तर प्रत्येक पानाला आधी विचारायचं, बाबा रे, तू कोणाचा? आणि मग त्याला त्याच्या सेटिंगकडे धाडायचं. हा प्रश्न विचारताना लोक सुरुवातीलाच भाषा विचारतात, तिथेच घोळ होतो. आधी लिपी विचारावी. लिपी डोळ्यांना दिसते, भाषा वाचल्याशिवाय कळत नाही. पान ३०० डीपीआयला चित्र करून घ्यायचं आणि टेसरॅक्टला म्हणायचं, वाचू नकोस, नुसतं बघ:

```
pdftoppm -r 300 -gray -png -singlefile -f 47 -l 47 file.pdf p47
tesseract p47.png - --psm 0
```

४७व्या पानाच्या उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा:

```
Rotate: 180
Orientation confidence: 6.12
Script: Devanagari
Script confidence: 3.40
```

पान उलटं आहे, लिपी देवनागरी, आणि खात्री बऱ्यापैकी. उलट्या पानाची बातमी इथेच फुकटात मिळते ही मोठी सोय. पान आधी सुलटं करावं, नाहीतर पुढचं सगळं वाचन शीर्षासनात होतं.

खात्रीचा आकडा मात्र दर वेळी बघावा. मी दोनची रेघ मारली होती. त्याखालची पानं वेगळ्या ढिगात, माणसाच्या नजरेखाली. कन्नड पहाण्यांपैकी काहींना त्याने तेलुगू ठरवलं, कारण त्या दोन लिपी बहिणी-बहिणीच. बेळगावच्या तलाठ्याने तेलुगूत पहाणी लिहिण्याची शक्यता किती, हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. म्हणून या फायलीपुरता नियम करून टाकला: तेलुगू आलं की कन्नड समज. आणि ज्या पानावर नुसते दोन शिक्के आणि एक सही, तिथे तो अक्षरं फार कमी म्हणून पान सोडून देतो. त्याचा तेवढाच एक प्रामाणिकपणा.

स्टॅम्प पेपर ही वेगळी जात. वरच्या भागात इंग्रजीत छापलेला सरकारी थाट, नक्षी, किंमत; मजकूर खाली आणि तो मराठी. पूर्ण पान दाखवलं की लिपी येते लॅटिन. वरचा भाग कापून खालचा दाखवला की देवनागरी. पानाची जात बघायची तर पानाचा मजकूर बघावा, मुकुट नव्हे.

देवनागरी ठरलं तरी मराठी की हिंदी हा प्रश्न उरतोच, कारण लिपी एकच. त्यासाठी पान एकदा ढोबळ वाचून घ्यायचं. टेसरॅक्टकडे `script/Devanagari` नावाचं एक सर्वसमावेशक सेटिंग आहे, ते या कामाला पुरतं. मग ओळखीचे शब्द मोजायचे. "में", "है", "और" यांची गर्दी असेल तर हिंदी. "आहे", "आणि" असेल तर मराठी. राजपत्र या चाळणीतून बिनबोभाट पार पडलं. पण १९४८च्या खरेदीखताच्या पहिल्या पानावर "आहे" एकदाही सापडेना! वाचून पाहिलं तेव्हा कारण कळलं. खरेदीखत लिहिणारा कारकून वाक्य संपवतच नाही. "सदर मिळकत", "सबब", "येणेप्रमाणे" करत करत तो चतु:सीमा गाठतो, आणि क्रियापद भेटतं ते चौथ्या पानावर. तेव्हा क्रियापदाचा नाद सोडला आणि "ळ" मोजला. हिंदीच्या रोजच्या लिखाणात तो जवळजवळ भेटतच नाही, आणि मराठी जमिनीच्या कागदात "मिळकत" दर दोन ओळींनी. जोडीला "च्या" मोजला. प्रश्न मिटला.

सगळ्यात जास्त फसवलं ते सगळ्यात स्वच्छ पानांनी. वकीलसाहेबांचा अर्ज स्कॅन नव्हताच. कॉम्प्युटरवर टाईप करून थेट पीडीएफ केलेला. आत मजकूर आयताच असणार, ओळखायचं काम काय? म्हणून `pdftotext` लावून मजकूर बाहेर काढला आणि भाषा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला दिला. त्याने सांगितलं, वेल्श. पुन्हा विचारलं तर स्लोव्हेनियन. (हा `langdetect` नावाचा प्रोग्रॅम थोडा नशिबावर चालतो. त्याचं बीज पक्कं केलं नाही तर एकाच मजकुरावर दर वेळी वेगळा कौल देऊ शकतो.) वकीलसाहेब वेल्शमध्ये अर्ज करतील असं वाटेना, म्हणून मजकूर उघडला. तिथे लिहिलं होतं `ejkBh`.

जुन्या टायपिस्टांनी ओळखलं असेल. हा कृतिदेव. या फॉन्टमध्ये e दाबलं की म दिसतो, j दाबलं की र, k म्हणजे काना, B म्हणजे ठ, h म्हणजे दुसरी वेलांटी. पडद्यावर दिसतं "मराठी", पण फायलीच्या पोटात राहतं ejkBh. माणसाला मराठी दिसतं, मशीनला लॅटिन. कोर्टकचेऱ्यांच्या आसपास असे कागद अजून ढिगाने मिळतात. ओळखायची खूण सोपी आहे: `pdffonts` लावलं की फॉन्टचं नाव दिसतं, आणि ते नाव कृतिदेव, शिवाजी असलं काही निघालं की पोटातल्या मजकुरावर विश्वास ठेवू नये. तो टाकून द्यावा, पानाचं चित्र करावं आणि स्कॅनच्याच रांगेत उभं करावं. वकीलसाहेबांना हे कळवलं तर म्हणाले, "आमचा टायपिस्ट ३० वर्षं असंच टाईप करतोय, कोर्टाने कधी हरकत घेतली नाही."

उरली मोडी. टेसरॅक्टबरोबर येणाऱ्या भाषांत मोडी नाही आणि तो ओळखत असलेल्या लिपींतही नाही. तरी तो गप्प बसत नाही. एका पानाला त्याने गुजराथी म्हटलं, एकाला चक्क थाई, खात्री ०.३. कमी खात्रीच्या ढिगात ही पानं पडली खरी, पण त्या ढिगात पुसट कार्बन प्रती, तिरके उतारे असं बरंच काही होतं. त्यातून मोडी तेवढं वेगळं काढायला मोडीचीच एक सवय उपयोगी पडली. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो; दोन शब्दांत जागा सोडत नाही. देवनागरीची रेघ दर शब्दाला तुटते. म्हणून पानावरच्या प्रत्येक आडव्या ओळीतले काळे ठिपके मोजले. जिथे ओळीमागून ओळ काठापासून काठापर्यंत जवळजवळ अखंड काळी लागते, ते मोडी.

पहिल्या फटक्यात मोडी म्हणून जी पानं निघाली त्यांत निम्म्याहून अधिक मराठी उतारे होते. उताऱ्याचा तक्ता! त्याच्याही आडव्या रेघा काठापासून काठापर्यंत. मग उभे ठिपकेही मोजले. तक्त्याला उभ्या रेघा असतात, मोडीला नसतात. उभी रेघ सापडली की पान मोडीतून बाद, आणि तक्ता पुसून परत लिपी विचारायला. एवढं केल्यावर मोडीच्या ढिगात नऊ पानं राहिली आणि नऊही खरोखर मोडी निघाली. ती मशीनकडे न जाता कोल्हापूरच्या एका मोडीवाचक काकांकडे गेली. त्यांनी देवनागरीत उतरवून दिलेला मजकूर मी ज्या त्या पानामागे जोडून ठेवला, म्हणजे शोधात तीही यावीत.

अण्णांनी स्वतः ११/२ टाकून पाहिलं. उतारे आले, पहाण्या आल्या, निकालातले परिच्छेद आले आणि शेवटी एक मोडी पान. काकांच्या लिप्यंतराप्रमाणे त्यात आमच्या खापरपणजोबांनी ११/२ पैकी निम्मी जमीन समोरच्या पार्टीच्या खापरपणजोबांकडे गहाण टाकली होती, आणि सोडवल्याचा कागद फायलीत कुठेच नव्हता.

अण्णा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"या पानाला मशीन काय म्हणालं होतं रे आधी?"

"थाई."

"मग राहू दे की थाई."