तीन मोजायचे, मग दोन

सकाळचे दहा वाजले की आमच्या कुंपणाशी आक्कांचा हजेरीपट सुरू होतो. मी वाळत घातलेले कपडे झटकत असते आणि त्या पलीकडून अळूची पानं खुडत असतात. त्या दिवशी त्यांनी पानं तशीच टोपलीत टाकली नि आवाज खाली आणला.

"वहिनी, ऐकलंत का? आपला कंडक्टर रस्ता दाखवायचे पैसे घेतो!"

आक्का ज्यांना 'आपला कंडक्टर' म्हणतात, त्यांना बाकी सगळं नसरापूर भाऊ म्हणतं. उभा जन्म त्यांनी कात्रज डेपोत काढला. 2007 साली पीएमटीची पीएमपीएमएल झाली, पण भाऊंच्या तोंडून पीएमटी गेली नाही आणि आमच्याही नाही. पहाटे चेलाडी फाट्यावर जाऊन गाडी धरायची, रात्री परतायचं. रिटायर झाल्यावर महिनाभर त्यांनी अंगण झाडलं. मग भाऊ पुन्हा पहाटेच फाट्यावर दिसायला लागले, फक्त आता खाकी कपडे नव्हते आणि सोबत दर वेळी वेगळंच माणूस.

"चारशे रुपये रोज, वर त्याचं तिकीट आणि जेवण," आक्का म्हणाल्या. "वाट सांगायला कुणी पैसे घेतं होय? आमच्या सासूबाईंनी पाणीसुद्धा कधी विकलं नाही."

मी म्हटलं, "आक्का, ते वाट सांगत नाहीत, शिकवतात. पहिल्या दिवशी शेजारी बसतात. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत चार बाकं मागे बसतात आणि तोंड उघडत नाहीत, चुकलं तरी. त्या दिवशी निम्मे पैसे. तिसऱ्या दिवशी कात्रजला चहाच्या टपरीवर थांबतात. माणूस एकटा जाऊन परत आला की झालं. तिसऱ्या दिवसाचं काही घेत नाहीत."

"तुम्हाला बरं सगळं ठाऊक."

ठाऊक असणारच. माझ्या भाच्याचा घोटाळा भाऊंनीच निस्तरला. त्याला अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात काम लागलं. पहिल्या दिवशी कात्रजहून 2 नंबरची शिवाजीनगर गाडी धरून बरोब्बर पोचला. संध्याकाळी शहाण्यासारखा रस्ता ओलांडून समोर उभा राहिला, कारण आपल्याकडे जायची गाडी या बाजूला आणि यायची त्या बाजूला. दीड तास उभा. कात्रजची एकही गाडी आली नाही. शेवटी रिक्षात पैसे घालून स्वारगेट गाठलं आणि घरी येऊन म्हणाला, नोकरी नको.

भाऊ हसले नाहीत. पोराला खाली बसवलं आणि काडीनं मातीत दोन रेघा ओढल्या. म्हणाले, "बाजीराव रस्ता वनवे आहे. गाडी स्वारगेटहून तिकडून वर जाते आणि खाली येताना शिवाजी रस्त्यानं येते. तू समोर नाही, पाच मिनिटं पूर्वेला चालत जाऊन उभं राहायचं होतंस. पेठांमध्ये परतीची गाडी समोर कधी शोधू नकोस, शेजारच्या रस्त्यावर शोध." त्या एका वाक्यावर भाचा अजून नोकरीत आहे.

"हल्ली फोनात दिसतं की सगळं," आक्का म्हणाल्या. हेच मीही भाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले, फोन कुठं उतरायचं ते सांगतो, पण दाराकडे कधी सरकायचं ते सांगत नाही. भरल्या गाडीत आपला थांबा आल्यावर उठलात तर पुढच्या थांब्यावर उतरता. म्हणून ते उतरायचा थांबा पाठ करायला लावतच नाहीत. त्याच्या आधीचे दोन पाठ करायला लावतात. पहिला दिसला की उठायचं, दुसरा दिसला की दाराशी.

फाट्यावरचा त्यांचा पहिला धडा तर अगदी घरगुती आहे. साताऱ्याकडून गाडी आली की नवखा माणूस 'पुणे-पुणे' ऐकून चढतो. मुंबईची गाडी मात्र नवा बोगदा ओलांडून नवले पुलावरून वाकडकडे जाते. स्वारगेटचा माणूस मग बायपासवर पिशवी घेऊन उभा. "गाडीचं नाव म्हणजे तिचं शेवटचं गाव," भाऊ म्हणतात. "मधलं काही वाचू नका, शेवटचं वाचा."

"आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करावं?" आक्कांनी डाव टाकला.

वेल्ह्याच्या आतल्या अंगाच्या एका बाईंची गोष्ट मला इथंच सांगावी लागली. नवऱ्याला दर आठवड्याला ससूनला न्यायचं, स्वतःला अक्षरओळख नाही, आणि केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर पोचायचं. रिक्षाला द्यायला दर वेळी कुठले पैसे? 2024 च्या सप्टेंबरात स्वारगेटची भुयारी मेट्रो सुरू झाली होती. भाऊंनी तीच धरली. एसटीनं स्वारगेट, कारण एसटीत 2023 पासून बायांना अर्धं तिकीट, पीएमटीत ते नाही. मग मेट्रोत बसायचं आणि दार उघडलं की एक बोट मुडपायचं. मंडई एक, कसबा दोन, जिल्हा न्यायालय तीन. तिसऱ्याला उतरायचं. भुयारातली गाडी तिथून पुढं जाते, पण आपली दुसरी गाडी वर, खांबांवर असते, म्हणून जिने चढतच राहायचं. ही जांभळ्या रेघेची गाडी, वरची निळसर रेघेची. वर गेल्यावर वनाझ आणि रामवाडी अशा दोन बाजू. तिथं रखवालदाराला एकच शब्द विचारायचा, रामवाडी. मग पुन्हा दोन बोटं, मंगळवार पेठ आणि स्टेशन.

सरकत्या जिन्यापाशी बाई अडल्या. भाऊंनी घाई केली नाही. पाच-सहा वेळा नुसतं बाजूला उभं राहून लोक कसे पाय टाकतात ते पाहायला लावलं, मग साध्या जिन्यानं नेलं. स्टेशनपासून ससूनच्या दारापर्यंतची वाट मात्र दोनदा चालवली, एकदा जाताना, एकदा येताना. येताना रस्ता उलटा दिसतो, खुणेचं झाड डाव्याचं उजवीकडे जातं, आणि माणूस तिथंच हरवतो म्हणे.

तिसऱ्या दिवशी त्या बाई नवऱ्याला घेऊन एकट्या जाऊन आल्या. भाऊंचं ते गिऱ्हाईक तिथंच संपलं. धंदा म्हणून बघाल तर आतबट्ट्याचाच. वाण्याकडचं तेल संपलं की माणूस परत येतो, यांच्याकडं एकदा शिकलेला परत कशाला येईल? तरी बाईंनी पावसाळ्यानंतर शेर-दोन शेर इंद्रायणी पाठवला, तो भाऊंच्या मंडळींनी सगळ्या आळीत वाटला. आक्कांच्या घरीही गेला होता, पण मी ते बोलले नाही.

आक्का थोडा वेळ गप्प होत्या. मग टोपली उचलली, दोन पावलं गेल्या आणि परत कुंपणाशी आल्या.

"वहिनी, निगडीला गाडी जाते का हो कात्रजहून?"

"42 नंबर. का?"

"नातवाला तिकडं कंपनीत बोलावलंय सोमवारपासून. पोरगं फाट्याच्या पुढं एकटं कधी गेलं नाही." त्यांनी पदर सारखा केला. "तुम्ही विचारा ना भाऊला. मी विचारलं तर म्हणेल, आक्का काल काय बोलत होत्या."

मी संध्याकाळी विचारलं. भाऊंनी निगडीचं अंतर मनात मोजलं, मान हलवली. उद्या पहाटे सव्वापाचला फाट्यावर, आणि पोराला म्हणावं सुटे घेऊन ये.

आक्कांनी रात्री कुंपणावरून विचारलं, "शेजारी आहोत, काही कमी करील का?"

नाही. चारशेच.