फक्त एकच दिवस

कॉल सेंटरमध्ये शिफ्ट बदलून मागणाऱ्या माणसाबद्दल दोन मतं प्रचलित आहेत. टीम लीडरचं मत असं की तो कामचुकार असतो. सहकाऱ्यांचं मत असं की तो गोडबोल्या असतो. दुसऱ्या मताबद्दल वाद नाही. कँटीनमध्ये चहाचे पैसे तोच देतो, 'भावा' ही हाक तोच मारतो, आणि 'फक्त एकच दिवस रे' हे वाक्य असं काही म्हणतो की समोरच्याला वाटावं, नाही म्हटलं तर आपण माणुसकीतून उठलो. पहिलं मत मात्र तपासून पाहण्यासारखं आहे. माझं म्हणणं असं की अख्ख्या ऑफिसात कामाचा खरा हिशोब ठेवणारा हाच एक असतो. टीम लीडरला तेरा खुर्च्या दिसतात. याला त्या तेरा खुर्च्यांवरच्या माणसांच्या यात्रा, बस्ते, साखरपुडे, सासुरवाड्या आणि एमपीएससीच्या तारखा पाठ असतात. अडचण एवढीच की हा हिशोब त्याला नेहमी एका घराने कमी दिसतो, आणि ते एक घर बहुधा त्याचं स्वतःचं असतं.

पुरावा म्हणून लातूरचीच एक तारीख घेऊ. 30 डिसेंबर 2024, सोमवार, मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकरांच्या तोंडी येळवस. बाहेरच्या माणसाला हा दिवस समजावून सांगणं कठीण. अमावस्या म्हटली की उरलेला महाराष्ट्र दारात लिंबू-मिरची टांगतो. लातूर जिल्हा मात्र त्या दिवशी सहकुटुंब शेतात जातो. कडब्याची कोप करून पाच पांडव पुजतात. भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी आणि तिळाची पोळी असा बेत असतो, आणि ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी ओढून नेतं. भज्जीत तुरीचे आणि वाटाण्याचे ओले दाणे, हरभरा, शेंगदाणे, वांगी असं रानात असेल ते सगळं पडतं. तिचं एक पातेलं संपवून झाल्यावर कोणाही माणसाला 'मी आपली काय मदत करू शकतो' हे वाक्य म्हणता येणार नाही, अशी तिची ख्याती आहे. दुपारी लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो. आता समजा, याच लातुरात मराठी ग्राहकांसाठी चोवीस तास चालणारं एक कॉल सेंटर आहे. सकाळची शिफ्ट 7 ते 3, दुपारची 3 ते 11, रात्रीची 11 ते 7. ग्राहक मुंबईचे, साताऱ्याचे, जळगावचे. त्यांना येळवस ठाऊक नाही. त्यांना फक्त आपलं रिचार्ज का पडलं नाही एवढंच जाणून घ्यायचं असतं.

आपला नायक औशाकडचा. सोमवारी त्याची सकाळची शिफ्ट आहे. 'मग रजा टाकावी, अदलाबदलीचा खटाटोप कशाला?' हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त वाटतो. पण रजेने खुर्ची रिकामी होते, अदलाबदलीने होत नाही. आणि एका रिकाम्या खुर्चीची किंमत किती, हे गणिताने सांगता येतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने 1917 साली रांगेत थांबणाऱ्या कॉलचं सूत्र मांडलं, आणि आजही कॉल सेंटरचे रोस्टर त्याच सूत्राच्या आधाराने बनतात. अर्ध्या तासात 100 कॉल येतात आणि एका कॉलला सरासरी 3 मिनिटं लागतात असं धरा. 13 जण बसले असतील तर सुमारे 80 टक्के कॉल वीस सेकंदांच्या आत उचलले जातात, आणि क्लायंटने बहुधा तेवढंच मागितलेलं असतं. एक जण गळाला की हा आकडा 64 वर येतो. दोघे गळाले की 39 वर. तेरातले दोघे म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा, पण वेळेत उचललेले कॉल निम्म्याने घटतात. तेव्हा येळवसेच्या दिवशी निम्म्या ऑफिसने रजेचे अर्ज टाकलेले असताना, अर्ज न टाकता आपल्या जागी माणूस उभा करून जाणाऱ्याला कामचुकार म्हणणं हा अन्याय आहे. कामचुकार माणूस त्या दिवशी सरळ आजारी पडतो. त्याला गोड बोलण्याचीही गरज लागत नाही.

आता साखळी पाहा. आपल्या औशेकराला वाटतं, लातूरच्या कुणाला विचारण्यात अर्थ नाही, नांदेडचा पकडावा. विचार शास्त्रशुद्ध आहे. अदलाबदल टिकते ती वेगळ्या पंचांगाच्या माणसांमध्येच. गावाकडची सावडही याच तत्त्वावर चालते: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. दोघांच्या रानात एकाच दिवशी वापसा झाला की सावड मोडते. नांदेड शहरातला एक भिडू सापडतो. त्याची सोमवारची रात्रपाळी आहे. तो सोमवारची सकाळ घेईल, औशेकर त्याची रात्र घेईल. झालं! दिवसभर रान, रात्री अकराला लॉगिन. टीम लीडरला मेसेज जातो, वर तीन हात जोडलेले. इथवर फक्त दोन माणसं हलली आहेत, आणि आपल्या नायकाच्या चेहऱ्यावर जगाचा प्रश्न सोडवल्याचं समाधान आहे.

पण नांदेडकराची रविवारी दुपारची शिफ्ट आहे. ती रात्री अकराला सुटते आणि सोमवार सकाळी सातला सुरू होतो. दोन शिफ्टमध्ये आठच तासांचं अंतर त्याला झेपण्यासारखं नाही. म्हणून तो आपली रविवारची दुपार देऊन एका लोहेकराची रविवारची सकाळ घेतो. इथे पहिल्यांदा पंचांग आडवं येतं. लोहा तालुक्यातलं माळेगाव हे नांदेड-लातूर रस्त्यावरचंच गाव, आणि तिथली खंडोबाची यात्रा येळवसेच्या तोंडावरच सुरू होते. घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी वळू, तमाशाचे फड, सगळं तिथे असतं. लोहेकराने रविवारी तीनला सुटून देवस्वारी गाठायचं ठरवलं होतं, ती गेली. भिडेखातर तो हो म्हणाला, पण खंडोबाला भीड चालत नाही. मोबदला म्हणून त्याला मंगळवार मोकळा हवा. त्याची साप्ताहिक सुट्टी बुधवारी, आणि एका अहमदपूरकराची मंगळवारी. दोघांनी सुट्ट्या बदलल्या. आता लोहेकराची मंगळवारची दुपार अहमदपूरकराकडे आली. मंगळवार म्हणजे 31 डिसेंबर! त्या रात्री अकरापर्यंत कानाला हेडफोन लावून बसायला त्याची ना नव्हती, पण मित्रांची होती. तो मंगळवारची सकाळ मागत फिरू लागला.

मंगळवारची सकाळ कुणाकडे होती? औशेकराकडे. सोमवारची रात्रपाळी मंगळवारी सकाळी सातला संपते आणि आपली स्वतःची सकाळची शिफ्ट बरोबर सातलाच सुरू होते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या नांदेड-लातूरच्या यात्रा पाठ असलेल्या माणसाला स्वतःचा मंगळवार पाठ नव्हता. त्याने अहमदपूरकराची दुपार घेतली, आणि वर्तुळ पुरं झालं. चार माणसं, चार अदलाबदली, आणि शेवटी जमाखर्च असा: कोणत्याही शिफ्टमध्ये एकही खुर्ची रिकामी नाही. लोहेकराला यात्रेचा तिसरा दिवस मिळाला, अहमदपूरकराला वर्षाची अखेरची रात्र, नांदेडकराची रात्रपाळी टळली. नायकाला एक दुपार भज्जी मिळाली. तिच्या बदल्यात संध्याकाळी हेंडगा पेटवून शेताला फेऱ्या मारून झाल्यावर थेट लातूर, रात्रभर कॉल, मंगळवारी दिवसा झोप, आणि 31 डिसेंबरला रात्री अकरापर्यंत पुन्हा कॉल. कामचुकार म्हणणाऱ्यांनी हा हिशोब मनातल्या मनात एकदा मांडून पाहावा.

दुसरा आक्षेप यंत्रवाल्यांचा. ते म्हणतील, हे सगळं सॉफ्टवेअर करतं. मोबाइलवर शिफ्ट टाका, ज्याला हवी तो उचलेल. करतं, आणि एक काम ते माणसापेक्षा चांगलं करतं: दोन शिफ्टमधलं अंतर मोजतं. औशेकराचा मंगळवार त्याने पहिल्याच मिनिटाला लाल करून दाखवला असता. पण लाल खूण दाखवणं वेगळं आणि माणूस मिळवणं वेगळं. लोहेकर रविवारची दुपार का घेईल, याचं उत्तर कोणत्याही पडद्यावर नव्हतं. ते 'मागच्या पोळ्याला तुझी रात्र मी काढली होती' या एका वाक्यात होतं. असली वाक्यं तारीख-वारासह जपून ठेवणं हेच या माणसाचं भांडवल. तोंडी कारभारात धोका आहेच. चारातला एक जण जरी उलटला, तरी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी खुर्ची रिकामी दिसते आणि ती नेमकी कुणाची यावर दहा मिनिटं खल चालतो. तेवढ्यात आकडा 64 वर आलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे, मंजुरी न घेता एकाच्या आयडीवर दुसऱ्याने लॉगिन करणं. तिथे गोडबोलेपणा संपतो आणि एचआरचा मेल सुरू होतो.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो टाळता येणार नाही. अशी साखळी बहुतेक वेळा वर्तुळ होत नाही; ती कुणाच्या तरी गळ्यात जाऊन संपते. तो गळा नव्या पोराचा असतो, अविवाहिताचा असतो, किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही अशाचा. बायकांच्या बाबतीत निदान कायदा उभा आहे: महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय आणि संरक्षणाच्या सोयीशिवाय कामावर ठेवता येत नाही. तेव्हा 'ताई, फक्त एकच दिवस' म्हणून तिच्या गळ्यात रात्रपाळी घालणं हे गाडीची सोय पाहिल्याशिवाय करण्यासारखं कामच नाही. नव्या पोराच्या बाजूने असा कायदा नाही. त्याच्या बाजूने फक्त टीम लीडर असू शकतो, आणि टीम लीडर बहुधा स्वतःच त्या दिवशी रानात असतो. म्हणून माझा निवाडा असा: ज्याची साखळी फिरून स्वतःपाशी येते त्या अदलाबदल करणाऱ्याला पूर्ण माफी, ज्याची साखळी नव्या पोरापाशी थांबते त्याला पुढच्या येळवसेला सकाळची शिफ्ट, आणि डब्यात भज्जीसुद्धा नाही.

ग्राहकांसाठी एक सूचना उरते. वेळ अमावस्येच्या दिवशी लातूरकडच्या हेल्पलाइनला फोन करायचाच असेल, तर सकाळी सातला करू नका. साडेआठला करा. तोवर कोणाची शिफ्ट कोणाकडे आहे हे ठरलेलं असेल.